अन्नपूर्णाबाईचं दार

“मंग मी काय करू आता, वहिनी? पिच्चर संपला म्हंजे संपला.”

“संपलाच नाही ना, गजूभाऊ! तेच तं सांगून राह्यली मी तुमाले. गाणं संपलं, पन बुढी चालूनच राह्यली.”

“कोन बुढी?”

“आत्याबाई, माह्या! तेरा दिवस झाल्यावर तुमीच तं आनला होता पेनड्राइव्ह. बसल्या बसल्या इसरले का काय?”

गजेंद्र विसरला नव्हता. नांदुऱ्याच्या स्टॅंडामागं त्याचं दुकान, वर ‘गजेंद्र फोटो अँड व्हिडिओ’ असा उन्हानं फिका पडलेला बोर्ड. लग्न, बारसं, साखरपुडा, ट्रॅक्टरची पूजा, सारं तो काढतो. अलीकडं तेरवीचेही व्हिडिओ लोक मागतात. मेलेल्या माणसाची जुनी शूटिंगं शोधायची, फोटो जोडायचे, खाली एक गाणं सोडायचं. टाकळीच्या वामनरावांच्या घरची तशीच मागणी होती. त्यांची मंडळी अन्नपूर्णाबाई मार्गशीर्षात गेली आणि सारिका ही तिची सून. सारिकाचा नवरा सुधाकर बुलढाण्याला कचेरीत, रविवारी तेवढा गावात येतो. बाकी दिवस घरात ही पोरगी आणि तिचा सासरा.

गजेंद्रची शूटिंगं संपत नाहीत, हे साऱ्या तालुक्याला माहीत. लोक त्यावर हसतात. नवरी सासरी पोचते, मंडपवाला बांबू काढून नेतो, कुत्रे पत्रावळी चाटतात, आणि गजूचा कॅमेरा चालूच. त्याच्या एका लग्नाच्या शूटिंगात शेवटची पंधरा मिनिटं म्हणे एक म्हैस आहे. त्याचंही कारण आहे. तो हे काम खामगावच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली शिकला, कॅसेटच्या जमान्यात. कॅसेट अर्धी कोरी राहिली की पार्टी म्हणायची, ‘आम्हाले फसवलं.’ म्हणून कॅसेट संपेपर्यंत काढत राहायचं. शेवट कॅसेट करायची, माणसानं करायचा नसे. पुढं कॅसेट गेली, कार्ड आलं. कार्डाला शेवट नाही, आणि गजेंद्रलाही तो कधी करावा लागला नव्हता.

“काय झालं ते नीट सांग, बाई,” कोकिळा म्हणाली. गजेंद्रची बायको ती. दुकानात पासपोर्ट फोटो कापायला बसते, आणि तिची जीभ कात्रीहून बरी चालते.

सारिकानं पदरानं तोंड पुसलं. “शेवटी गाणं बंद होते. मंग एकदम आत्याबाईचा आवाज येते. ‘येतो मंग,’ म्हनते. उठते, दाराकडं जाते, चौकटीले हात लावते, अर्धी वयते... अना तुटते. लगेच पयल्यापासून चालू. पयल्यात काय हाये? वावरातून येते, डोक्यावर भारा, वाकून दारातून आत.”

गजेंद्रच्या मनात ते चित्र जोडलं गेलं आणि त्याचा चहा हातातच राहिला. टीव्हीवर रिपीट लागलेलं असणार. म्हणजे बाई ‘येतो’ म्हणते, दारात वळते, आणि दुसऱ्या क्षणाला खरंच आत येते. पुन्हा. पुन्हा.

आपल्यात कोणी ‘जातो’ म्हणत नाही. जाणाराही ‘येतो’च म्हणतो, बाई असो की बुवा. पण मेलेल्या माणसानं ते म्हणावं, आणि म्हणून घरात यावं?

“मामाजी दार लावूच देत नाही,” सारिका म्हणाली. “रातभर उघडं. पुसाचा महिना चालू हाये, थंडी केवढी! खोकून खोकून छाती फाटली. डाक्टरनं सांगतलं, असंच राह्यलं तं न्यूमोनिया होईन. जेवत नाही, म्हनते ती येऊ दे. दारात पायधुयाले पान्याची बादली ठुते. गजूभाऊ, संध्याकायी ते पानी गढूय होते.”

“कोंबड्या असतीन.”

“कोंबड्या मी झाकून टाकतो उजेड हाये तोपर्यंतच.”

कोकिळानं कात्री खाली ठेवली.

“टीव्हीच बंद कर ना मंग,” गजेंद्र म्हणाला.

“केला. पेनड्राइव्ह उपटून घेतला. तं मामाजी म्हने, ‘तिले दारात अडकवून ठुली तुमी. ना आत, ना बाहीर.’ अना तिले पाहाले गेले. विहिरीपाशी सापडले, काठावर वाकून हाका मारून राह्यले होते. तवापासून चालूच ठुला. बुढा जाईन भाऊ, अना त्याच्या पायात तुमचा तो अर्धा पिच्चर अडकून राहीन.”

चूक काय ते गजेंद्रला तिथंच कळलं. गाण्याच्या मापानं त्यानं सारं बसवलं होतं. गाणं संपल्यावर शेवटचा तुकडा लांब निघत होता. कापायला पाहिजे होता, पण ‘राहू दे थोडी शेपटी’ म्हणून तसाच सोडला, नेहमीसारखा. म्हशीची शेपटी लोक हसून सोडतात. ही शेपटी एका घराच्या दारात अडकली होती.

त्यानं तिथल्या तिथं दुसरा शेवट करून दिला. दारातला तुकडा काढून टाकला, अन्नपूर्णाबाईच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं, हळूहळू काळं होऊ दिलं, वर समईची ज्योत आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अशी सोनेरी अक्षरं. तेरवीला सगळे हेच देतात. मोटरसायकल काढली, सारिकाला मागं बसवलं आणि टाकळीला गेला.

ऊन कलतीला लागलं होतं. वामनरावांचं घर रस्त्यावरच, दोन पाखांच्या, म्हणजे दोन फळ्यांच्या दाराचं. दोन्ही पाखं भिंतीला टेकवून, खाली विटा लावलेल्या, वाऱ्यानंही मिटू नयेत म्हणून. उंबऱ्याशी बादली. आत टीव्हीसमोर वामनराव कांबळ पांघरून बसलेले, शेजारी दोन कप. एक रिकामा, एकावर साय धरलेली.

“राम राम, बाबा.”

“बस, गजू. तिकून नको बसू. वाटंत येते.”

गजेंद्र उंबऱ्यापासून सरकून बसला. बादलीत त्यानं मुद्दाम पाहिलं नाही. नंतर पाहिलंच. तळाशी बोटभर काळी माती बसली होती, कपाशीच्या वावरातली असते तशी.

त्यानं नवा पेनड्राइव्ह लावला. म्हाताऱ्यानं सगळं निमूट पाहिलं. शेवटी तिचा चेहरा पडदाभर थांबला. अंधार चढत गेला. आधी कान गेले, मग लुगड्याचा काठ, मग कपाळ. डोळे सगळ्यात शेवटी राहिले. अंधारात नुसते दोन डोळे. सारिका भिंतीला चिकटली. मग ज्योत आली, अक्षरं आली.

“हे कोन?” वामनरावांनी विचारलं.

“काकू हायेत, बाबा.”

“हा फोटो हाये. फोटोले मी वयखतो.” म्हातारा खोकला, खोकून झालं आणि म्हणाला, “दारातली कुठं गेली? तुले म्या तिचं तोंड दाखवाले कवा सांगतलं होतं? तिले रस्ता पायजे. तू तिले अंधारात बुडवली, गजू. डोये वर राह्यले.”

सारिकानं जुना पेनड्राइव्ह परत लावला, कारण म्हातारा उठून चपला शोधायला लागला होता. ‘येतो मंग,’ टीव्हीतून आवाज आला. वामनराव बसले.

वाटेनं परत येताना कपाशीच्या पऱ्हाट्या दोन्ही बाजूला उभ्या होत्या आणि गजेंद्रला एकसारखं वाटत होतं की मागची सीट रिकामी नाही. तो गाणं म्हणत आला. त्याला गाणं येत नाही.

सकाळी त्यानं जुनी डिस्क शोधली. सुधाकरच्या लग्नाच्या आधीचं शूटिंग होतं ते. नवऱ्याचे मायबाप कामं करताना दाखवायचे, अशी तेव्हा टूम होती. दिवसभर तो टाकळीला होता. चहा पिताना कॅमेरा स्टँडवर तसाच चालू ठेवायची त्याला सवय, त्यामुळं त्या दिवसाचं कितीतरी निकामी चित्र डिस्कवर पडून होतं. एरवी त्यातलं तो काही पाहत नाही.

कोकिळा शेजारी येऊन बसली. दोघांनी सुरुवातीपासून पाहिलं.

अन्नपूर्णाबाई पडद्यावर बाजेवर बसलेली, लसूण सोलत, कॅमेऱ्याशी अजिबात न लाजता बोलत होती. “हे गेले पत्रिका वाटाले मोताळ्याकडं. उद्या येतीन. मले म्हने तू एकटीच काढ फोटू. घ्या! आमच्या लग्नातबी हे असेच, फोटूच्या वक्ती बैलं पाहाले गेल्ते.” मग ती हसली. “गजू, तू चहा पेजो बरं, मांगच्या दारी ठुला. थंडा करू नोको.”

चित्रात गजेंद्रची सावली हलली आणि निघून गेली. चहाला. खोलीत बाई एकटी, आणि तिच्यासमोर चालू कॅमेरा.

तिनं लसणाची फोलपटं पदरात गोळा केली. उठली. “येतो मंग,” म्हणाली. दाराकडं गेली. चौकटीला हात लावला, अर्धी वळली.

“इथं तोडलं होतं मी,” गजेंद्र हळूच म्हणाला.

“पुढं जाऊ द्या.”

पुढं अन्नपूर्णाबाई पूर्ण वळली. सरळ कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं. हसत नव्हती, रागातही नव्हती. झाडलोट सांगताना बाईमाणूस पाहतं तसं. आणि म्हणाली,

“मी गेल्यावर दार लोटून घेजा.”

मग ती उंबरा ओलांडून अंगणात उतरली. तिची पाठ उन्हात पांढरी होत गेली. ती कडुनिंबापर्यंत पोचली आणि मग दार मिटलं. आधी एक पाख, मग दुसरं, सावकाश, झोपलेल्या पोराच्या खोलीचं लावावं तसं. कोणाचा हात दिसला नाही.

“वारं असन,” गजेंद्र म्हणाला.

कोकिळानं पडद्यावर बोट ठेवलं. दाराशेजारी खिळ्याला पातळ कागदाचं कॅलेंडर लटकत होतं. ते हललं नव्हतं.

बाहेर शेगावची गाडी लागल्याचं कंडक्टर ओरडत होता.

“कोनाले म्हनली असन ती?” गजेंद्रनं विचारलं. “खोलीत तं कोनीच नाई. मले म्हनली असन, मी मांगच्या दारी होतो तं.”

“तुमाले?” कोकिळा म्हणाली. “तुमाले ‘चहा पेजो’ म्हनली ना आत्ताच? लेकराले ‘तू’ म्हनल्यासारखी. ‘पेजो’ म्हननारी बाई लगेच ‘घेजा’ कायले म्हनीन?”

“मंग?”

“मी कोनाले म्हनतो ‘घेजा’? भाकर घेजा, दार लावून घेजा, टोपी घालजा?”

गजेंद्रनं बायकोकडं पाहिलं. ती आयुष्यभर एकाच माणसाशी असं ‘तुम्ही’नं बोलत आली होती.

“पन वामनबाबा तवा मोताळ्याले होते,” तो म्हणाला.

“तवा होते,” कोकिळा म्हणाली. “आता तं टीव्हीपुढं हायेत.”

गजेंद्रनं खुर्ची पडद्यापासून जरा मागं ओढली. पण काम समोर होतं.

आधी त्यानं शेवटचं वाक्य ठरवलं. ‘येतो मंग’ काढून टाकावं असं त्याला वाटत होतं. कोकिळानं नाही म्हटलं. “न सांगता जाईन का बाई घरातून? राहू द्या. शेवटी जे ऐकते तेच मानूस घरी नेते. ‘येतो’ शेवटी होतं म्हनून बुढा वाट पाहून राह्यला. आता शेवटी ‘लोटून घेजा’ येऊ द्या.”

मग शेवटचं चित्र. त्या वाक्यावर तोडलं तर बाई पुन्हा दारात उभीच. जाताना पाठीवर अंधार टाकून पाहिला, तर ती पावलागणिक विरघळायला लागली, अर्धी बाई, अर्धं अंगण, आणि दोघांनीही ते पटकन बंद केलं. माणसाला विरवायचं नाही, हे कालच कळलं होतं. तिला तिच्या पायांनी चित्राबाहेर जाऊ द्यायचं. गजेंद्रनं ती पूर्ण जाईपर्यंत उजेडाला हात लावला नाही. दार मिटलं. मिटलेल्या दारावर चित्र थोडं तसंच राहू दिलं, पाहणाऱ्याला एक श्वास घेता येईल इतकं. त्यानंतर अंधार आणला. आता काळ्यात जात होती ती नुसती सागाची फळी. फळीला कोणी भीत नाही.

गाणं तिच्या बोलण्याच्या बरंच आधी हलकं करत नेऊन बंद केलं, म्हणजे आवाज अंगावर येणार नाही. खोलीतला मूळ आवाज मात्र ठेवला, कोंबड्यांची कुरकुर आणि लांबच्या गिरणीचा पट्टा. चित्र काळं झाल्यावरही तो आवाज जरा मागं राहिला आणि मग तोही गेला. त्यापुढं कोरा अंधार जोडला. रिपीट चुकून राहिलंच, तरी ती लगेच भारा घेऊन आत यायला नको.

मूळ शूटिंगात दार मिटल्यावर आणखी काही होतं. मागच्या दारानं गजेंद्र स्वतःच मिशा पुसत येतो आणि म्हणतो, “अरे, चालूच होता का बे हा!” मजेदार होतं. एरवी त्यानं ते ठेवलंच असतं. त्याचा हात तिथं जरा घुटमळला. मग कापलं.

“पाह्यलं?” कोकिळा म्हणाली. “म्हैस गेली शेवटी.”

टाकळीला तो पोचला तेव्हा गायी घरी येत होत्या. सारिका अंगणात उभी होती, वामनराव त्याच जागी. खोकला आता आत शिट्टी वाजवत होता. गजेंद्रनं पेनड्राइव्ह लावला, टीव्हीचं रिपीट स्वतः बंद केलं आणि भिंतीला टेकून बसला.

भारा घेऊन ती आली. लसूण सोलला. लग्नात नाचली. कोणाच्या तरी बारशात लेकरू मांडीवर घेतलं. गाणं हलकं होत गेलं. “येतो मंग.”

वामनरावांनी नेहमीसारखी मान दाराकडं वळवली.

पण टीव्हीत चित्र तुटलं नाही. बाई वळली, काचेतून खोलीत पाहिलं. म्हाताऱ्याची मान हळूहळू परत पडद्याकडं आली.

“मी गेल्यावर दार लोटून घेजा.”

“हाव,” वामनराव म्हणाले.

इतकं साधं, की जणू रोज संध्याकाळी त्यांना ते सांगितलं जात होतं. पडद्यावर ती अंगणातून गेली. पाख मिटलं. दुसरं मिटलं. फळी काळी झाली, गिरणी थांबली, टीव्हीत काहीच उरलं नाही.

वामनराव गुडघ्यावर हात देऊन उठले. सारिका आधाराला धावली, त्यांनी तिला हातानंच थांबवलं. उंबऱ्याशी जाऊन त्यांनी बादली उचलली, अंगणात रिकामी केली, पालथी घातली. पाखांखालच्या विटा पायानं सरकवल्या. अंगणात कडुनिंबाकडं एकदा पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. मग एक पाख ओढलं, दुसरं ओढलं, आतून कडी घातली.

“गेली,” म्हणाले. “सारिका, भूक लागली पोरी.”

सारिका तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

तेवढ्यात बाहेरची कडी वाजली. एकदाच, हलकेच. दार नीट लागलं का पाहायला कोणी बाहेरून ओढून बघावं, तशी. दोन्ही पाखं चौकटीत घट्ट बसली.

गजेंद्रनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हातारा कांबळाची घडी घालत होता.

“दार उघडू का तुले?” त्यांनी विचारलं.

“नोको, बाबा. मांगून जातो मी. गोठ्यातून.”

तो शेणातून, वासरांमधून, बुटांसकट गेला आणि कुंपणावरून उडी मारून मोटरसायकलीपाशी आला. पुढच्या दाराकडं त्यानं नजर टाकली नाही.

सकाळी सारिकाचा फोन आला. रात्रभर दार बंद राहिलं, मामाजी भाकर आणि झुणका जेवले, डॉक्टरची गोळी घेतली, उन्हं वर येईपर्यंत झोपले. “अना टीव्ही?” गजेंद्रनं विचारलं. “मॅच लावून बसले,” ती म्हणाली. बादलीचं त्यानं विचारलं नाही.

त्या दिवशी नांदुऱ्यातच एक लग्न होतं. गजेंद्रनं बॅटऱ्या पिशवीत टाकल्या, स्टँड खांद्यावर घेतला.

“येतो मंग,” तो सवयीनं म्हणाला आणि पायरीवरच थबकला.

आतून कोकिळाची कात्री चालू होती. “या,” ती म्हणाली. “अना दार लोटून घेजा जाता जाता. धूळ येते.”

त्यानं दुकानाचं काचेचं दार दोनदा ओढून पाहिलं, मग मोटरसायकलीला किक मारली. मांडवात नवरदेव घोड्यावरून उतरायचा होता आणि ताशेवाले गजूचीच वाट पाहत होते.